चिकटवलेली वस्तू खोटी का दिसते : प्रकाशाची दिशा जुळवण्याचा तपास-क्रम

एका छायाचित्रातली वस्तू कापून दुसऱ्या छायाचित्रात बसवली, कड स्वच्छ निघाली, रंगही जुळला, आणि तरीही ती वस्तू तिथे उभी आहे असे वाटत नाही, हा दोष माझ्याकडे दुरुस्तीसाठी येणाऱ्या चित्रांत सर्वांत जास्त वेळा आढळतो. पाठवणाऱ्याने बहुतेक वेळा कडांवर खूप कष्ट घेतलेले असतात. दोष मात्र कडांत नसून उजेडात असतो.

लक्षणे

वस्तू जमिनीपासून बोटभर वर तरंगते आहे असे वाटते. ती कागदातून कापून चित्रावर डकवल्यासारखी सपाट दिसते. आजूबाजूच्या खांबांची किंवा झाडांची एक बाजू उजळ आणि दुसरी गडद असताना वस्तू मात्र सगळीकडून सारखी उजळ असते, किंवा तिची उजळ बाजू इतरांच्या उलट असते. वस्तूला सावली दिलेली असली, तरी ती मागे भिंत असल्यासारखी तिच्या पाठीशी चिकटलेली दिसते. आणि सर्वांत नेमके लक्षण म्हणजे पाहणारा 'काहीतरी चुकते आहे' असे सांगतो, पण काय चुकले त्यावर त्याला बोट ठेवता येत नाही.

या शेवटच्या लक्षणाला कारण आहे. ओस्ट्रोव्स्की, कॅव्हेना आणि सिन्हा या संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून असे दिसले की, गुंतागुंतीच्या दृश्यात एखाद्याच वस्तूवरचा प्रकाश वेगळ्या दिशेने येत असेल, तर माणसाच्या डोळ्याला ती विसंगती सहजासहजी सापडत नाही. म्हणून प्रकाशाची दिशा नुसती डोळ्याने अजमावू नये, ती चित्रावर रेषा ओढून शोधावी, असे माझे ठाम मत आहे. खालच्या तपासण्या सोप्या आणि फुकटच्या उपायांपासून सुरू होऊन अवघड उपायांकडे जातात. दोष जिथे सापडेल तिथेच थांबावे.

उदाहरण म्हणून मी दुरुस्त केलेले एक चित्र घेतो. दगडी फरशी घातलेल्या मोकळ्या अंगणाचे ते छायाचित्र होते. ऊन उजवीकडून आणि मागच्या बाजूने येत होते, त्यामुळे दोन लाकडी खांबांच्या सावल्या पाहणाऱ्याच्या दिशेने आणि डावीकडे पडल्या होत्या. त्या अंगणात, आपल्याकडे तोंड करून ठेवलेली एक लाकडी खुर्ची बसवली होती. खुर्चीचे छायाचित्र खोलीत, डावीकडच्या खिडकीजवळ काढलेले होते. खाली `Drop Shadow` लावला होता.

पहिली तपासणी : दोष खरोखर प्रकाशाचा आहे का?

सर्व लेयरच्या वर एक `Black & White` अॅडजस्टमेंट लेयर ठेवून चित्र तात्पुरते कृष्णधवल करावे. रंग गेल्यावर वस्तू नीट मिसळली, तर दोष रंगछटेचा आहे आणि पुढचे काहीही करण्याची गरज नाही. कृष्णधवल चित्रातही ती उपरीच वाटत असेल, तर कारण उजेड-अंधाराच्या मांडणीत आहे. एका मिनिटाची ही तपासणी आधी करायची, कारण प्रकाशाचा दोष रंग बदलून कधीच जात नाही आणि लोक तासन्‌तास रंगच बदलत बसतात. खुर्ची कृष्णधवल चित्रातही खोटीच दिसत होती.

त्याच वेळी `Drop Shadow` बंद करून पाहावा. ही सुविधा वस्तूच्या आकाराची प्रत थोडी सरकवून मागे ठेवते, म्हणजे चित्राच्या प्रतलाला समांतर असलेल्या पृष्ठभागावर पडणारी सावली दाखवते. भिंतीवर टांगलेल्या वस्तूला ती चालेल. जमिनीवर उभ्या असलेल्या वस्तूची सावली जमिनीवर आडवी पडते, त्यामुळे `Drop Shadow`ने तिथे वस्तू चिकटवल्यासारखीच दिसणार. अनेक चित्रांत ती काढून टाकल्यावरच खोटेपणा निम्मा कमी होतो.

दुसरी तपासणी : दोन्ही चित्रांतील प्रकाश वाचणे

पार्श्वभूमीत सावल्या असतील तर काम सोपे आहे. वस्तूवर प्रकाश कुठून येतो हे तिच्यावरच्या छटांवरून वाचावे लागते, आणि इथे एक चूक नेहमी होते, ती म्हणजे चकाकीचा ठिपका पाहून दिशा ठरवणे. गुळगुळीत पृष्ठभागावरची चकाकी प्रकाशाच्या दिशेला तोंड करून नसते, तर प्रकाशाची दिशा आणि कॅमेऱ्याची दिशा यांच्या बरोबर मध्ये असते. दिवा अगदी बाजूला, ९० अंशांवर असला, तरी वार्निश लावलेल्या गोल पायावरची चकाकी ४५ अंशांवर दिसते आणि दिवा बराच समोर असल्याचा भास होतो. म्हणून वस्तूचा न चकाकणारा भाग पाहावा आणि त्यावर उजेड जिथे संपून छाया सुरू होते ती सीमा शोधावी. गोल पायावर ती सीमा प्रकाशाच्या दिशेपासून ९० अंशांवर असते.

गोल पाय असलेली वस्तू म्हणूनच सोयीची ठरते. प्रकाश समोरून असेल तर पायाच्या दोन्ही कडा थोड्या गडद आणि मधला भाग उजळ असतो. प्रकाश अगदी बाजूने असेल तर पायाचे उभे दोन भाग पडतात, अर्धा उजळ आणि अर्धा गडद. प्रकाश मागून असेल तर एका कडेला उजेडाची बारीक पट्टी उरते आणि बाकीचा पाय छायेत जातो. आमच्या खुर्चीच्या पायांचा डावीकडचा दोन-तृतीयांशाहून जास्त भाग उजळ होता, म्हणजे प्रकाश डावीकडून आणि समोरून होता. अंगणातल्या खांबांच्या उजव्या कडेला मात्र उजेडाची फक्त पट्टी होती. खुर्ची आणि अंगण यांच्यातला फरक असा दुहेरी होता, डावा-उजवाही आणि पुढचा-मागचाही.

तिसरी तपासणी : उलटे करून पाहणे

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे वस्तू आडवी उलटवणे. फोटोशॉपमध्ये `Edit > Transform > Flip Horizontal` आणि गिंपमध्ये `Layer > Transform > Flip Horizontally`. माझ्या अनुभवात प्रकाशाच्या दोषाची कित्येक चित्रे या एका कृतीने सुटतात, आणि ती न करताच लोक ब्रशने छाया रंगवायला बसतात याचे मला वाईट वाटते. उलटवण्यापूर्वी वस्तूवर अक्षरे, घड्याळाची तबकडी किंवा माणूस असल्यास सदऱ्याच्या गुंड्या आणि केसांचा भांग हे पाहून घ्यावे. ते उलटले तर लपत नाहीत. अशा वेळी वस्तूऐवजी पार्श्वभूमीच उलटवता येते का, हे पाहावे.

या उपायाची मर्यादाही स्पष्ट आहे. त्याने डावे-उजवे बदलते, पण पुढचे-मागचे आणि वरचे-खालचे बदलत नाही. आमची खुर्ची उलटवल्यावर तिच्यावरचा प्रकाश उजवीकडून आला, पण समोरूनच राहिला. चित्र सुधारले, पुरते बसले मात्र नाही. त्या खुर्चीची मागून उजेड असलेली दुसरी छायाचित्रे उपलब्ध आहेत का, असे मी याच टप्प्यावर विचारले. ती असती तर पुढचे सगळे काम वाचले असते. ती नव्हती.

चौथी तपासणी : सावली नेमकी कुठे पडायला हवी?

हा भाग थोडा सावकाश वाचावा, कारण खरी दुरुस्ती इथेच होते. उन्हाच्या सावल्या जमिनीवर एकमेकींना समांतर असतात, पण छायाचित्रात त्या समांतर दिसत नाहीत. रेल्वेचे रूळ दूर जाताना जसे एकत्र येताना दिसतात, तशा सावल्याही क्षितिजरेषेवरच्या एका बिंदूकडे जातात. त्यामुळे शेजारच्या खांबाच्या सावलीचा कोन मोजून तोच कोन वस्तूला दिला, तर सावली चुकते, आणि वस्तू खांबापासून जितकी लांब तितकी जास्त चुकते.

खरी जागा दोन बिंदूंवरून मिळते. प्रथम `Image > Canvas Size` वापरून चित्राभोवती भरपूर मोकळी जागा वाढवावी, कारण हे बिंदू बहुतेक वेळा चौकटीबाहेर असतात. आता एका खांबाचा पाय आणि त्याच्या सावलीचे टोक यांतून जाणारी रेषा ओढून ती मागे वाढवावी. दुसऱ्या खांबाचीही तशीच रेषा ओढावी. दोन्ही जिथे छेदतात तो जमिनीचा बिंदू. त्यानंतर प्रत्येक खांबाचा माथा आणि त्या माथ्याच्या सावलीचे टोक यांना जोडणाऱ्या रेषा वर वाढवाव्यात. त्या जिथे छेदतात तो सूर्याचा बिंदू.

रेषा बरोबर आल्या की नाही हेही लगेच कळते. जमीन सपाट असेल तर जमिनीचा बिंदू क्षितिजरेषेवर यायला हवा, आणि कॅमेरा एका बाजूला कललेला किंवा वर-खाली झुकलेला नसेल तर सूर्याचा बिंदू त्याच्या बरोबर वर, एकाच उभ्या रेषेत यायला हवा. तसे झाले नाही तर रेषा पुन्हा ओढाव्यात. जवळजवळच्या दोन खांबांच्या रेषा छेदनबिंदूपाशी फार बारीक कोन करतात आणि थोड्याशा चुकीनेही बिंदू बराच सरकतो, त्यामुळे एकमेकांपासून लांब असलेल्या वस्तू निवडाव्यात आणि तिसऱ्या वस्तूने पडताळा घ्यावा. छायाचित्रांतील बनावट शोधणारे हॅनी फरीद यांच्यासारखे तज्ज्ञ वस्तू आणि सावली यांना जोडणाऱ्या याच प्रकारच्या रेषांचा उपयोग करतात. त्या एका बिंदूत येऊ शकत नसतील, तर चित्रात काहीतरी नंतर घातलेले आहे असे अनुमान निघते.

बिंदू मिळाल्यावर खुर्चीची सावली अशी काढली. मागच्या पायाच्या तळातून, जमिनीच्या बिंदूपासून येणारी रेषा पुढे ओढली. पाठीच्या माथ्यातून, सूर्याच्या बिंदूपासून येणारी रेषा खाली ओढली. दोन्ही जिथे मिळाल्या तिथे त्या माथ्याची सावली. पाठ मागे झुकलेली असेल तर मागच्या पायाचा तळ घेऊन चालत नाही. माथ्याच्या बरोबर खाली जमिनीवर जो बिंदू येईल तो घ्यावा लागतो. अशी दोन माथ्यांची, बैठकीच्या चार कोपऱ्यांची आणि चार पायांची जागा मिळाली की सावलीचा सांगाडा तयार होतो, आणि मग खुर्चीच्या आकाराची काळी प्रत `Distort` किंवा `Warp` वापरून त्या सांगाड्यावर बसवता येते. एकाच आकाराला ताणून चारही पायांच्या सावल्या जागेवर येत नाहीत, कारण पाय वेगवेगळ्या खोलीवर आहेत. तेव्हा सावली दोन-तीन तुकड्यांत करावी.

सूर्य कॅमेऱ्याच्या मागे असेल तर सावल्या पाहणाऱ्यापासून दूर जातात. तिथे जमिनीचा बिंदू क्षितिजावरच, पण सावल्यांच्या टोकांच्या दिशेला येतो आणि माथ्यांच्या रेषा क्षितिजाच्या खाली मिळतात. सूर्य अगदी बाजूला असेल तर सावल्या चित्रात जवळजवळ आडव्या आणि समांतर दिसतात, मग बिंदू शोधावाच लागत नाही. खोलीतल्या दिव्याच्या बाबतीत जमिनीचा बिंदू क्षितिजावर नसतो, तर दिव्याच्या सरळ खाली जमिनीवर असतो.

पाचवी तपासणी : सावलीचा रंग आणि तिची कड

सावली काळी नसते. मोकळ्या जागेत सूर्य अडला तरी आकाशाचा उजेड जमिनीवर पडतच असतो, म्हणून उन्हातली सावली किंचित निळसर असते. तिचा रंग अंदाजाने घेण्याऐवजी चित्रातूनच काढता येतो. एकाच प्रकारच्या फरशीचा उन्हातला आणि सावलीतला रंग आयड्रॉपरने मोजावा, प्रत्येक घटकासाठी सावलीचा आकडा उन्हाच्या आकड्याने भागावा आणि २५५ ने गुणावे. आमच्या अंगणात उन्हातली फरशी २००, १९०, १७५ आणि खांबाच्या सावलीतली ९०, ९२, १०० होती.

```
R = 90 / 200 × 255 = 115
G = 92 / 190 × 255 = 123
B = 100 / 175 × 255 = 146
```

हा रंग सावलीच्या लेयरमध्ये भरून ब्लेंडिंग मोड `Multiply` आणि `Opacity` १००% ठेवली, की नवी सावली खांबाच्या सावलीइतकीच गडद आणि तितकीच निळसर येते. फरशीचा रंग मध्येच बदलला, तरी ती जवळजवळ बरोबर राहते, कारण आपण रंग टाकलेला नाही, उजेडाचे प्रमाण कमी केले आहे. मात्र जिथे खांबाची सावली आधीच आहे तिथे नवी सावली चढू देऊ नये. एकाच सूर्याची सावली दोनदा पडत नाही, आणि दुहेरी गडद झालेला तो तुकडा लगेच खटकतो.

कडेचा हिशेब सूर्याच्या आकारावरून येतो. पृथ्वीवरून सूर्य सुमारे अर्ध्या अंशाचा दिसतो, त्यामुळे सावलीची धूसर पट्टी ही वस्तू आणि सावली यांच्यातील अंतराच्या साधारण ११० व्या भागाइतकी रुंद असते. खुर्चीच्या पायापाशी अंतर शून्य, म्हणून कड धारदार. ९० सेंटिमीटर उंचीच्या माथ्यापासून ४५ अंशांच्या उन्हात सावलीपर्यंतचे अंतर सुमारे १२७ सेंटिमीटर, म्हणजे पट्टी सव्वा सेंटिमीटरच्या आतबाहेर. त्या चित्रात ४५ सेंटिमीटर उंचीची बैठक ३०० पिक्सेलवर होती, म्हणून ही पट्टी सुमारे ८ पिक्सेल निघाली आणि `Gaussian Blur`ची त्रिज्या दोन-तीन पिक्सेल पुरली. सावलीची एक धारदार आणि एक धूसर प्रत घेऊन, ग्रेडियंट मास्कने पायापाशी धारदार आणि टोकापाशी धूसर दिसेल अशी ती मिसळावी. सगळीकडे सारखाच ब्लर दिला तर खुर्ची पुन्हा तरंगू लागते.

पायाच्या अगदी खाली, जिथे आकाशाचाही उजेड पोहोचत नाही, तिथे आणखी एक गडद, काही पिक्सेलचीच रेघ लागते. ती वेगळ्या लेयरवर काढावी. ढगाळ दिवसाच्या चित्रात तर पडछाया जवळजवळ दिसतच नाही आणि वस्तू जमिनीला टेकवण्याचे सगळे काम ही रेघ आणि तिच्याभोवतीचा मऊ अंधारच करतो.

सहावी तपासणी : वस्तूवरच्या छटा बदलणे

इथवर येऊनही वस्तू बसली नसेल तर तिच्यावरचाच उजेड बदलावा लागतो. हे काम शेवटी ठेवण्याचे कारण असे की, यात हाताचे कसब लागते आणि चूक झाली तर वस्तू मातीची केल्यासारखी दिसते. खुर्चीला क्लिप केलेले दोन `Curves` लेयर घेतले. पहिल्याने संपूर्ण खुर्ची खाली आणली, इतकी की तिचा आपल्याकडे असलेला भाग त्याच जातीच्या लाकडाच्या खांबाच्या आपल्याकडच्या बाजूइतका गडद झाला. दुसऱ्याने उजेड वाढवला आणि त्याचा मास्क पूर्ण काळा करून, सूर्याला सामोऱ्या असलेल्या जागांवरच पांढरा रंगवला : पायांच्या उजव्या कडा, हातांच्या वरच्या बाजू, पाठीचा माथा आणि बैठकीचा वरचा भाग.

बैठकीवर थोडे थांबावे लागले. ऊन मागून येत असेल तर पाठीची सावली बैठकीवरही पडते, आणि ती विसरली गेली होती. चौथ्या तपासणीतली तीच रचना बैठकीच्या प्रतलावर पुन्हा केली, ती जागा उजेडाच्या मास्कमधून वगळली, आणि खुर्ची पहिल्यांदा अंगणातली वाटली. इतका वेळ सगळे लक्ष जमिनीवरच्या सावलीकडे होते, पण वस्तूची स्वतःवर पडणारी सावली तितकीच बोलकी असते.

हे जमले याचे कारण खिडकीचा उजेड मऊ होता आणि त्याने खुर्चीवर कुठेही कडक रेघेची सावली टाकलेली नव्हती. कडक उन्हात काढलेल्या वस्तूवर तिच्याच भागांच्या धारदार सावल्या छापल्या गेलेल्या असतात. त्या सावल्यांच्या आतला तपशील उजळवता येतो, पण त्यांची कड राहते आणि पोतही बिघडतो.

कुठे थांबावे

वस्तू कडक उन्हातली असून तिचा प्रकाश पार्श्वभूमीच्या उलट असेल आणि उलटवूनही जुळत नसेल, तर छटा रंगवण्यात वेळ घालवू नये. शक्य असल्यास ती वस्तू पुन्हा टिपावी. त्यासाठी महाग साधने लागत नाहीत. वर शोधलेल्या दिशेला आणि उंचीला एक दिवा ठेवावा, कॅमेरा पार्श्वभूमीच्या छायाचित्राइतक्याच उंचीवर धरावा. दिशेची खात्री नसेल तर ढगाळ उजेडात टिपावे, म्हणजे छटा नंतर देता येतात.

पुन्हा टिपणे शक्य नसेल, तर पुढील बाबतींत व्यावसायिक रिटचरकडे किंवा त्रिमितीय मॉडेल उभारून प्रकाश देणाऱ्या कलाकाराकडे काम सोपवावे. पहिली म्हणजे माणसाचा चेहरा, ज्यावर नाकाची किंवा भुवईची धारदार सावली चुकीच्या बाजूला आहे, कारण चेहऱ्यावरची थोडीशी चूकही ओळखीच्या माणसाला अनोळखी करते. दुसरी म्हणजे काच, पाणी आणि आरशासारखा धातू, कारण त्यांच्यात आजूबाजूचे सगळे दृश्य उमटलेले असते आणि ते `Curves`ने बदलत नाही. तिसरी म्हणजे पायऱ्या, उतार किंवा गवत यांवर पडणारी लांब सावली, जिथे एक सपाट जमीन धरून केलेली रचना चालत नाही. काम सोपवताना सपाट केलेले चित्र न देता दोन्ही मूळ छायाचित्रे, लेयर असलेली फाइल आणि बिंदू शोधण्यासाठी ओढलेल्या रेषांचा लेयरही द्यावा. त्या रेषा हातात असल्या की समोरच्याला प्रकाशाची दिशा पुन्हा शोधावी लागत नाही.